विसरणाऱ्या माणसाची कुंडी

कारखान्यात तिला सगळे मिलिमीटरबाई म्हणत. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यात तिने एकतीस वर्षं काढली. आधी पेन्सिल आणि टी-स्क्वेअर, नंतर संगणक. कुणी 'अंदाजे' म्हणालं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. "अंदाजे म्हणजे किती?" हा प्रश्न इतक्या वेळा विचारून झाला होता की फाउंड्रीतली माणसं तिला लांबून येताना पाहिलं की आपणच एकमेकांना विचारायची, "अंदाजे म्हणजे किती रे?"

आणि नवरा मिळाला तो अंदाजाचाच माणूस. सरकारी रोपवाटिकेत हेड माळी. त्याला सगळे माळीबुवा म्हणत, आणि घरातही तेच नाव पडलं होतं. माळीबुवा कुंडी एका हाताने जरा उचलायचे, पुन्हा ठेवायचे आणि सांगायचे, "हिला परवा." किंवा, "हिला आत्ता, अर्धा तांब्या." बाई म्हणायची, "अहो, वजनकाटा आणून देते." ते म्हणायचे, "आण. मग काट्याला पाणी घाल." चौतीस वर्षं हे असंच चाललं होतं. घराच्या आत तिची ओळंबा लावून टांगलेली चित्रं, घराबाहेर गच्चीवर त्याच्या एकेचाळीस कुंड्या, आणि दोघांच्या मधे एक दार. ती गच्चीवर कपडे वाळत घालण्यापुरती जायची. तो तिच्या खोलीत जेवायला बोलवण्यापुरता यायचा.

कारखाना बंद झाला तेव्हा तिने मिळालेल्या पैशातून एक थ्रीडी प्रिंटर घेतला आणि मागच्या खोलीत मांडला. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू उभी करणारं यंत्र ते. लोक तुटलेल्या वस्तू घेऊन यायचे. मिक्सरचं बटण, कपाटाची बिजागरी, व्हीलचेअरच्या ब्रेकची मूठ. ती मोजायची, काढायची, छापून द्यायची. माळीबुवा दारात उभे राहून यंत्राकडे बघायचे. "हे गांडुळासारखं काय सोडतंय?" असं विचारून हसायचे आणि गच्चीवर निघून जायचे.

विसरणं घरात कुणाच्या लक्षात येण्याआधी झाडांच्या लक्षात आलं. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी जिरेनियमची खालची पानं पिवळी पडायला लागली. मग जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळाल्या. नेच्याच्या कुंडीला कुजल्याचा वास येऊ लागला. बाईला वाटलं, रोग असेल. माळीबुवांनाही तेच वाटत होतं. ते चिंतेने पानं उलटून बघायचे, माना टाकलेल्या फांद्यांना हात लावायचे, म्हणायचे, "तहानलीत बिचारी," आणि झारी घेऊन यायचे. मुळं पाण्यात बुडून गुदमरली की झाड तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं, हे त्यांनी शिकाऊ माळ्यांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवलं होतं. तेच आता त्यांच्या हातून निसटलं होतं.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. एके दिवशी त्या ओला झालेला पांढरा ब्लाउजपीस घेऊन वर आल्या. "बाई, रागावू नका, पण छतातून ठिबकतंय. भाऊजी किती वेळा पाणी घालतात हो?"

त्या दिवशी बाईने भिंतीवर पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली. दुपारच्या जेवणापर्यंत सतरा झाल्या. सतराव्यांदा झारी भरताना माळीबुवा तिला म्हणाले, "सकाळपासून कामातच आहेस तू, मलाही विसर पडला बघ. झाडांना पाणी राहिलंच."

डॉक्टर बाई चांगल्या होत्या. त्या फार गोल गोल बोलल्या नाहीत. हा आजार मागे फिरत नाही, हळूहळू पुढे जाईल, म्हणाल्या. "हातांना सवयीचं काम असू दे. ते काढून घेऊ नका."

बाईने तरी एकदा काढून घेऊन पाहिलं. झारी धान्याच्या डब्यांमागे लपवली. माळीबुवांनी दोन तास शोधली, मग चहाच्या कपाने पाणी घालायला लागले. नळापासून शेवटच्या कुंडीपर्यंत कप हातात धरून, सांडू नये म्हणून छोटी छोटी पावलं टाकत. बाई दाराआडून बघत होती. तिसऱ्या फेरीला ते गच्चीच्या मधोमध थांबले, कपाकडे पाहिलं आणि हा हातात का आहे ते त्यांना आठवेना. तिने झारी परत आणून नळाखाली ठेवली.

माणूस बदलता येत नव्हता. मग कुंडी बदलायची. निदान तिला जमण्यासारखं तेवढंच होतं.

सकाळी नऊ ते अकरा हा त्यांचा चांगला वेळ असायचा. ती कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कामातला सल्ला विचारला.

"अहो, एक गिऱ्हाईक आलंय. त्यांच्या घरी एक जण आहे, पाणी घातलेलं विसरतो. पुन्हा पुन्हा घालतो. झाडं मरतायत. अशी कुंडी काढायचीय, की त्याने कितीही घातलं तरी झाड जगेल."

माळीबुवा हसले. "असल्या माणसाच्या हातात झाडं द्यायचीच कशाला? हाकलून द्या म्हणावं त्याला."

बाईने पेन्सिलीचं टोक उगाचच पुन्हा तासलं. "घरचाच आहे तो. हाकलता नाही येत."

"मग अवघड आहे," म्हणत त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. त्यांनी काढलेली कुंडी वाकडी होती, पण तिच्यात सगळं होतं. "मुळांना पाणी लागतं तेवढीच हवा लागते. म्हणून पाणी खाली, माती वर, आणि मधे मोकळी जागा. खाली टाकी. टाकीवर भोकाभोकांची ताटली, त्या ताटलीवर माती. आणि ताटलीतून एकच पाय खाली सोडायचा, पाण्यात बुडेल असा. त्या पायातही माती भरायची, त्याला चिरा ठेवायच्या. तो पाणी वर ओढतो. दिव्याची वात तेल ओढते ना, तसा. झाडाला हवं तेवढंच वर येतं."

"आणि टाकी भरून वाहिली तर?"

"तिथेच खरी गोम आहे. बाजूला भोक ठेव. ताटलीच्या खाली दोन बोटं. पाणी तिथवर आलं की बाहेर. ताटलीला पाणी शिवता कामा नये."

"दोन बोटं म्हणजे किती?"

त्यांनी आपली दोन बोटं तिच्यासमोर धरली. तिने कॅलिपर आणून मोजली. पस्तीस मिलिमीटर.

"साधी बागेची माती भरू नका म्हणावं," ते पुढे सांगत होते, "ती चिखल होऊन बसते. नारळाचा भुसा, जाड वाळू, थोडं खत. आणि कोरफडीला हे चालायचं नाही. तिला कोरडंच आवडतं." मग त्यांनी वर पाहिलं. "कुणासाठी करतेयस गं हे?"

पहिली कुंडी तिने घरात होतं त्याच फिलामेंटची, म्हणजे प्लॅस्टिकच्या तारेची छापली. पीएलए, मक्यापासून बनतं ते, राखाडी रंगाचं. छापायला सोपं, कडा सुरेख येतात. ओट्यावर पाणी भरून ठेवलं तर दिवसभर थेंब गळाला नाही. तिने जास्वंदीचं वाचलेलं एक रोप त्यात लावलं आणि कुंडी गच्चीवर नेली. गच्चीचा सिमेंटचा कोबा दुपारी अनवाणी पाय टेकू देत नव्हता. चौथ्या दिवशी कुंडीचं पोट एका बाजूने फुगलेलं दिसलं, आणि आतली ताटली मातीच्या ओझ्याने मधे वाकून पाण्याला टेकली होती. पीएलए साठ अंशांच्या आसपास नरम पडतं, हे तिला पाठ होतं. गडद रंग उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, हेही. तरी घाई केली. पंपाच्या ड्रॉइंगमधे अशी चूक तिने कुणाला माफ केली नसती.

रोप मेलं. माळीबुवांनी ते उपटून मुळं नाकाशी नेली आणि रागाने तिच्याकडे पाहिलं. "कुणी केलं हे? बुडवून मारलंय पोराला."

तिने वाकलेली कुंडी उचलून आत नेली.

फिलामेंट विकणारा दुकानदार बाजारातल्या एका अरुंद गल्लीत बसायचा. त्याचं दुकान म्हणजे भिंतभर रिळं आणि मधे एक माणूस मावेल एवढी जागा. तिने गरज सांगितली. पाणी कायम, ऊन कायम.

"दोन आहेत," तो म्हणाला. "पीईटीजी घ्या, पाण्याच्या बाटल्यांच्या जातीचं. थर घट्ट बसतात, गळत नाही, ऐंशी अंशांपर्यंत तग धरतं. छापायलाही त्रास नाही. पण ऊन वर्षानुवर्षं खाल्लं की रंग उडतो, ठिसूळ होतं. दुसरं एएसए. गाड्यांच्या बाहेरच्या भागांना वापरतात तसलं. शंभराच्या आसपास जाईपर्यंत नरम होत नाही, आणि उन्हाला दाद देत नाही. पण छापताना छळतं. कोपरे उचलतं, वास मारतं. यंत्र बंद पेटीत ठेवावं लागतं." त्याने दोन्ही रिळं काउंटरवर ठेवली. "किती वर्षं टिकायला हवंय, बाई? त्यावर ठरवा."

एवढा साधा प्रश्न. आयुष्यभर ती हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आली होती. दोन वर्षं म्हणावं, की पाच? डॉक्टर बाईंनी काही आकडा सांगितला नव्हता आणि तिनेही विचारला नव्हता. मागे एक गिऱ्हाईक ताटकळत होतं.

"एएसए द्या," ती म्हणाली. "पांढरं."

खरंच छळलं त्याने. तिने जुन्या कपड्यांच्या कपाटात यंत्र बसवलं, दार लावून घेतलं, धूर बाहेर जावा म्हणून खिडकीपर्यंत पाइप आणि पंखा जोडला. पहिल्या दोन कुंड्यांचे कोपरे थंड होताना वर उचलले. मग तिने सगळे कोपरे गोल केले आणि तळाभोवती पातळ झालर छापली, नंतर कापून टाकायची. तिसरी सरळ आली, पण वर्तमानपत्रावर पाणी भरून ठेवली तर संध्याकाळपर्यंत कागदावर ओलं कडं उमटलं. थरांच्या सांध्यांतून पाझरत होतं. तिने भिंतीच्या दोनच्या जागी चार रांगा केल्या, प्लॅस्टिक जरा जास्त सोडलं, तापमान थोडं वाढवलं, थंड करणारा पंखा बंद ठेवला. चौथीखालचा कागद दोन दिवस कोरडा राहिला. पांढऱ्या पातळ भिंतीतून उजेड आत जाऊन टाकीत शेवाळ धरलं असतं. जाड भिंतीने तेही भागलं.

खरी अडचण वेगळीच होती. माळीबुवा पाणी मातीवर घालायचे. सतरा वेळा मातीवर घातलं तर खाली टाकी असून काय उपयोग? माती ओलीगच्चच राहणार. तेव्हा तिने मातीवर झाकण काढलं, दोन अर्ध्या चकत्यांचं, मधे खोडापुरती जागा आणि कडेने हवेला फटी. झाकण एका बाजूला उतरतं, आणि उताराच्या टोकाला नरसाळं, थेट टाकीत जाणारं. कुठेही ओतलं तरी पाणी खालीच जाईल. बाहेर जायच्या भोकाला बारीक जाळी लावली, डास आत जाऊ नयेत म्हणून. नरसाळ्याशेजारी एक तरंगती लाल काडी बसवली. टाकी भरली की काडी वर, रिकामी झाली की खाली.

माळीबुवांनी नवी कुंडी फिरवून फिरवून पाहिली आणि अख्खी झारी एका दमात नरसाळ्यात उपडी केली. भोकातून पाणी आलं, पण पेन्सिलीएवढ्या धारेने. बाकीचं आत चढत गेलं आणि झाकणाच्या फटीतून वर आलं.

"हे बघ," ते म्हणाले. डोळे स्वच्छ होते, नऊ-साडेनऊची वेळ होती. "येणारी वाट मोठी आणि जाणारी लहान. मग पाणी थांबणार कुठे? मुळांत. उलटं कर."

तिने उलटं केलं. नरसाळ्याची मान चिंचोळी केली, बाहेरची भोकं अंगठ्याएवढी दोन. त्यांना जोडून पन्हळ, पन्हळीच्या शेवटी बादली. पुढच्या वेळी माळीबुवांनी झारी रिती केली तेव्हा पाणी नरसाळ्यात गोल फिरत सावकाश उतरलं आणि जेवढं उतरलं तेवढंच पलीकडून बादलीत पडलं. त्यांनी बादलीतून झारी भरली. पुन्हा घातली. पुन्हा बादलीत पडलं. ते सकाळभर तेच पाणी त्याच कुंडीला घालत राहिले आणि माती फक्त दमट राहिली. बाई दाराच्या उंबऱ्यावर बसून बघत होती. हे काम तिने जिंकलं होतं, आणि तिला हुंदका आवरत नव्हता.

एकेचाळीसपैकी नऊ झाडं वाचली. चार जास्वंदी, तीन जिरेनियम, पुदिना, आणि एक नेचा, ज्याच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. नऊ कुंड्या छापायला दीड महिना लागला. शिवणवाल्या बाईंच्या छतातून ठिबकायचं थांबलं. माळीबुवांचा दिवस झारी आणि बादलीच्या मधे जायचा, आणि पानं हिरवी व्हायला लागली.

पावसाळी हवेची एक सकाळ होती. दोघं गच्चीवर होते. ती पन्हळीतली पानं काढत होती. ते म्हणाले, "अगं, तू सांगत होतीस तो विसरणारा माणूस."

"हं."

"मीच ना तो?"

तिचे हात थांबले. 'नाही' म्हणता आलं असतं. दहा मिनिटांत ते प्रश्नही विसरले असते. पण चुकीचं माप ती कधीच कुणाला देऊ शकली नव्हती.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी जास्वंदीकडे पाहिलं. "मी मारली ती सगळी?"

"तुम्हाला कळत नव्हतं."

"बत्तीस झाडं," ते म्हणाले. हा आकडा त्यांना कुठून आठवला, देव जाणे. मग त्यांनी तिचा चिखलाने भरलेला हात हातात घेतला, वळवून पाहिला, आणि नखांतली माती पाहून लहान मुलासारखे हसले. "तुझ्या नखात माती! फोटो काढून ठेव." ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि तोवर ते का हसत होते हेच विसरून गेले होते. पण हात त्यांनी सोडला नाही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष तसं बरं गेलं, असंच म्हणायला हवं. तिचं नाव गेलं, परगावी राहणाऱ्या लेकीचं गेलं. ते तिला "ओ मॅडम" म्हणू लागले, रोपवाटिकेत तपासणीला आलेल्या साहेबीणबाईला म्हणावं तसं. "मॅडम, या कुंड्या कुणी केल्यात? काम जाणतो हा माणूस." ती म्हणायची, "आमच्या हेड माळ्याने सांगितल्या तशा केल्या." ते मान डोलवायचे. "हुशार दिसतोय." लाल काड्या नऊच्या नऊ कायम वर असायच्या.

मग हिवाळ्यात एका सकाळी ती कपडे वाळत घालायला गेली आणि दोरीवर हात नेता नेता थांबली. पहिल्या कुंडीची काडी खाली गेली होती. दुसरीचीही. सगळ्यांच्या. पन्हळ कोरडी, बादलीच्या तळाला वाळकी पानं. तिला आठवेना की झारीचा आवाज शेवटचा कधी ऐकला. एकेकाळी जो आवाज थांबावा म्हणून ती धडपडली होती, तो थांबला तो दिवस तिच्या नजरेतून सुटला होता.

आत माळीबुवा खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. तिने झारी भरून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली. थोड्या वेळाने झारी कलली आणि पाणी त्यांच्या पायांवर सांडलं. तिने पाय पुसले, जाड मोजे घातले. मग एकटीच गच्चीवर जाऊन नऊ टाक्या भरल्या, प्रत्येक काडी वर येईपर्यंत. त्याहून जास्त एक थेंब नाही.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. छातीत कफ साठला, दवाखान्यात सहा दिवस, सातव्या दिवशी पहाटे गेले. लेक आली, तिने आईला सामान बांधायला लावलं आणि स्वतःबरोबर घेऊन गेली. बाईला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायलाही अंगात बळ नव्हतं. जाताना तिने टाक्या भरल्या आणि शिवणवाल्या बाईंना किल्ली दिली.

अकरा दिवसांनी ती परतली. हवा ढगाळ होती, गारठा होता. बॅग दारातच ठेवून ती गच्चीवर गेली. वाटेत तिने मनाची तयारी केली होती, की सगळं वाळलेलं असेल.

नऊच्या नऊ झाडं ताजी होती. काड्या निम्म्याच खाली आल्या होत्या. जास्वंदीवर दोन फुलं होती, ती नसताना कधीतरी उमललेली. पांढऱ्या भिंतींवर उन्हाचा डाग नाही, तडा नाही. काम चोख झालं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला त्या कुंड्यांचा असा राग आला की एखादी उचलून खाली फेकावी. यांना कुणीच लागत नव्हतं. ना जास्त पाणी घालणारा, ना भरणारी.

शिवणवाल्या बाई जिन्याने वर आल्या. गळ्यात टेप तशीच होती. "बाई, किल्ली घ्या. मी काहीच केलं नाही हो. रोज येऊन बघत होते, पण काडी खाली जाईना, म्हणून हात लावला नाही. चुकलं का काही?"

"नाही," बाई म्हणाली. "बरोबर केलंत."

आणि ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि माळीबुवा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली. शिवणवाल्या बाई शेजारी टेकल्या. मग त्यांनी विचारलं, "चहा टाकू?" बाईने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. त्या उठून खाली गेल्या आणि दोन कप घेऊन आल्या.